ह्या असाच होतला

काहीही वाईट कानावर आलं की तो उजव्या हाताचा तळवा टेबलावर पालथा ठेवायचा, हळूच दाबायचा आणि म्हणायचा, "ह्या असाच होतला." बस चुकली तरी तेच, पगारवाढ लांबली तरी तेच, घराचं छप्पर गळलं तरी तेच. आवाजात राग नसायचा आणि आश्चर्य तर मुळीच नसायचं. आपलं नाव यादीत असणारच होतं, आता फक्त पुकारलं गेलं, असा काहीतरी भाव असायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला आपण हसतो, त्याची नक्कल करतो आणि घरी जाऊन विसरतो. मीही सुरुवातीला नक्कलच करत असे. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. स्कूटरला लागणारे लोखंडी बुश आणि पिना आम्ही बनवत होतो. मी प्लॅनिंगचा कारकून आणि तो माल तपासणारा इन्स्पेक्टर. आमची टेबलं समोरासमोर होती. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर तळवा दाबून दाखवला की अख्खं खातं खो खो हसायचं. तोही हसायचा आणि म्हणायचा, "हस रे, हस. माझ्या पाचवीलाच पुजलंय. तुला काय कळणार!"

तो मूळचा मालवणकडचा. पण त्याच्या मालवणीचं एक गमतीदार वेळापत्रक होतं. काम करताना तो आपली साधी मुंबईची मराठी बोलायचा. मालवणी बाहेर यायची ती फक्त दुःखाच्या वेळी.

कामात मात्र हाच माणूस कुणी दुसराच असायचा. लेथवरून बिघडलेला माल आला की आमचा फोरमन तोंड सोडायचा. "हे मशीनच भंगार आहे! ह्याच्यावर कधीच सरळ जॉब येणार नाही!" हा शांतपणे चष्मा चढवायचा. मायक्रोमीटर लावून एकेक बुश मोजायचा, चांगले एका बाजूला, वाईट एका बाजूला.

"मशीनला शिव्या देऊ नकोस. सकाळी दहापर्यंत बरोबर येत होतं ना?"

"होतं."

"मग दहानंतर काय बदललं, तेवढंच सांग."

दहानंतर काहीतरी बदललेलं असायचंच. टूल घासलेलं असायचं, नाहीतर नव्या गाडीतून आलेली सळई कडक असायची. तो स्लिपवर लिहायचा : "टूल घासले. बदलून पहिले पाच नग पुन्हा तपासावेत." त्या स्लिपवर 'कधीच', 'सगळे', 'नेहमी' असले शब्द मी अकरा वर्षांत पाहिले नाहीत. बिघाड कुठून सुरू झाला, कुठपर्यंत पोहोचला आणि उद्या सकाळी काय करायचं, एवढंच असायचं. तेच टेबल, तोच माणूस. पण स्वतःच्या आयुष्याचा एखादा नग हातात आला की मायक्रोमीटर बाजूला आणि तळवा टेबलावर.

एकदा बोनस जरा बरा मिळाला. आम्ही खुशीत होतो. हा म्हणाला, "मालकाची काहीतरी चूक झाली असेल. पुढच्या वर्षी बघ." म्हणजे वाईट घडलं की ते कायमचं, सगळीकडचं आणि त्याच्यामुळे झालेलं. चांगलं घडलं की ते चुकून, तेवढ्यापुरतं आणि दुसऱ्या कुणामुळे तरी. इतकी चोख उलटी मांडणी मी कुणाचीच पाहिली नाही.

ह्याचं मूळ कुठे असावं ते मला फार उशिरा कळलं. त्याचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गावी तापाने गेला होता. हा तेव्हा मुंबईत होता. तार मिळून गावी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी त्याने जे ठरवलं ते पुढे कधी तपासलंच नाही. मी ज्याच्यावर जीव लावतो ते राहत नाही, असं ते होतं. मग नोकरी, घर, छप्पर, बस, सगळं त्याच एका वाक्याखाली येत गेलं.

मुलानंतर त्याला मुलगी झाली होती, सुषमा. ती दहावीला गणितात नापास झाली आणि मला प्रथमच त्याच्या तळव्याची भीती वाटली.

निकालानंतरच्या रविवारी मी त्याच्या घाटकोपरच्या घरी गेलो. टेकडीवरची चाळ, पायऱ्या चढून धाप लागायची. वहिनींनी चहा ठेवला. तो म्हणाला, "आमच्या घराण्यात गणित नाहीच. माझ्या बापाला नव्हतं, मला नव्हतं, हिला कुठून येणार?" आत पोरीने पुस्तकं गोणपाटात भरून माळ्यावर टाकली होती. मी तिला म्हटलं, "अगं, ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं. फॉर्म भर." ती म्हणाली, "काका, मला नाही जमणार. मला काहीच जमत नाही." आणि बोलता बोलता तिने तळवा सतरंजीवर पालथा ठेवून हळूच दाबला.

सोळा वर्षांची पोर. बापाचं नाक, बापाचे डोळे आणि आता बापाचा तळवाही. 

तिथे मी माझी पहिली चूक केली. मला पंचांगातलं अर्धवट कळायचं आणि अर्धवट कळणाऱ्याला सल्ल्याचा फार सोस असतो. मी त्याची रास विचारली, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि ठोकून दिलं, "अरे, तुला साडेसाती आहे! गणपतीनंतर सुटतोस तू." साडेसाती एका वेळी तीन राशींना असते, त्यामुळे अशी थाप खपायला हरकत नसते.

आणि काय सांगू, तो फुलला हो! पाचवीला पुजलेलं जन्मभर जात नाही, पण साडेसाती जाते. त्याच्याच भाषेत मी कायमचं काढून तात्पुरतं घातलं होतं. तो कामावर गुणगुणायला लागला. सुषमाचा फॉर्म भरला. मी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की घरी बायकोला दोनदा सांगितलं.

पण पुस्तकं माळ्यावरच राहिली. शनी जाणार, मग सगळं आपोआप होणार, मग अभ्यास कशाला? बाप वाट बघत बसला आणि पोरही. गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात स्कूटर कंपनीची मोठी ऑर्डर आमच्या हातून गेली. कारखान्याने आठ जणांना कमी केलं. त्या आठांत हा होता.

नोटिशीचा कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर तळवा ठेवला. "बघितलंस? शनी गेलो, पण मी थयच. म्हणजे शनीचा कायच नव्हता. माझाच होता."

मी त्याला पूर्वीपेक्षा खोल खड्ड्यात ढकललं होतं. 'हे दिवस जातील' एवढंच मी त्याला दिलं होतं. का आले आणि आपण काय केलं तर जातील, हे दिलंच नव्हतं. तारीख उलटली आणि दिवस गेले नाहीत, तेव्हा त्याच्याकडे दोष द्यायला स्वतःशिवाय कुणी उरलं नाही.

कमी केलेल्यांपैकी चौघांना पंधरवड्यातच कामं मिळाली. एक तर चारकोपच्या वसाहतीत दारोदार विचारत फिरला आणि तिसऱ्या दिवशी चिकटला. ते काही ह्याच्यापेक्षा हुशार नव्हते. ह्याच्या हातातला मायक्रोमीटर पाहून कुणीही त्याला ठेवून घेतलं असतं, पण त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं. ज्याला दार कायमचं बंद आहे असं वाटतं तो कडी वाजवत नाही. हा भिंतीला टेकून बसून राहिला.

मग मी दर रविवारी मुलुंडहून त्याच्याकडे जाऊ लागलो. पापाचं क्षालन म्हणा हवं तर. पहिल्याच रविवारी मी सुषमाने पूर्वपरीक्षेत सोडवलेला गणिताचा पेपर शाळेतून मिळवून नेला आणि त्याच्या पुढ्यात टाकला.

"हा लॉट तपासून दे."

"मला गणित येत नाही रे."

"मी गणित सोडवायला सांगितलं का? माल तपासायला सांगितलंय."

त्याने बराच वेळ पेपराकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला, चढवला, पेन्सिल मागितली. आणि त्याची कामाची मराठी सुरू झाली. "सुषमा, इकडे ये. आधी बरोबर आलेले नग बाजूला काढू." पोर कुरकुरत बसली. बरोबर आलेली उदाहरणं निघाली तर चांगली दीड पानं. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं, तिने फक्त एकूण आकडा पाहिला होता. मग चुकलेली घेतली. एक चुकलं, दुसरं चुकलं, तिसऱ्याला त्याची पेन्सिल थांबली. "हे बघ. बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे आकडा नेलास की वजाचा अधिक करायला विसरतेस. ह्यात तेच. ह्यातही तेच." शेवटची दोन उदाहरणं कोरी होती. "ही का सोडलीस?"

"वेळच नव्हता. प्रमेय लिहिण्यातच गेला."

तो मागे टेकला. "गणित येत नाही असं इथे कुठे दिसतंय? चिन्ह चुकतंय आणि वेळ पुरत नाही. दोनच बिघाड आहेत."

सुषमा हसली. वहिनी आतून बघत होत्या, त्यांनी पदराने डोळे पुसले.

तीन आठवड्यांत फार काही होणार नव्हतं. ऑक्टोबरला ती पुन्हा नापास झाली, सहा मार्कांनी. निकाल घेऊन आली तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत होतो. तळवा उचलला गेला, थबकला. मग ती म्हणाली, "काका, चिन्हं बरोबर आली ह्या वेळी. भूमितीच्या रचना राहिल्या. मार्चपर्यंत होतील." मी तुम्हाला खरं सांगतो, पास झाली असती तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

त्याच्यावरही हाच प्रयोग मी चालवला होता. 'नेहमी', 'कधीच', 'सगळं' असला शब्द तोंडातून निघाला की तिथेच थांबायचं आणि त्या वाक्याला मापं लावायची, असा आमचा रविवारचा नियम.

"मला कुणी ठेवत नाही," तो म्हणायचा.

"किती वर्षं ठेवलं होतं?"

"अकरा."

"मग 'कुणी नाही' कसं? बरं, काढलं का?"

"नशीब."

"आठ जणांना काढलं. आठांच्याही पाचवीला तेच पुजलं होतं का?"

"ऑर्डर गेली," तो नाइलाजाने म्हणायचा.

"ऑर्डर गेली ती तुझ्यामुळे?"

"नाही."

"उद्या सकाळी काय करशील?"

 कधी म्हणायचा, बघतो. एकदा खरंच चारकोपला जाऊन आला. दोन महिने काम केलं, ते संपलं, पुन्हा भिंत. आज पटलेलं पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. अशी सवय मोडायला तेच तेच शंभरदा करावं लागतं, हे मला डोक्याने कळत होतं. पण माझा स्वभाव उतावळा. सातव्या आठव्या रविवारनंतर माझा आवाज चढू लागला.

एकदा मी मुलाचा विषय काढला. तो दाराबाहेर बघत म्हणाला, "तू सगळ्यालाच तात्पुरतं म्हणतोस. मेलेला पोर तात्पुरता नसता रे."

मी गडबडलो. त्याचं खरं होतं. काही गोष्टी कायमच्याच असतात आणि त्यांना दुसरं काही म्हणणं म्हणजे माझ्या साडेसातीसारखी थाप. मग मी म्हटलं, "तो परत येणार नाही, हे खरं आहे. पण तुझ्यामुळे गेला, हे तू कशावरून ठरवलंस?"

"मी थय नव्हतंय."

"तार कधी मिळाली?"

"दोन दिसांनी."

"डॉक्टर?"

"खाडीपलीकडे. होडी बंद होती, पावसान."

त्याने पेन्सिल हातात घेतली, पण लिहायला काही नव्हतं. मीही उठलो. एवढा वेळ बोलून काहीच उपयोग झाला नाही, असं त्या दिवशी बसमध्ये मला वाटलं.

मार्चमध्ये सुषमा परीक्षेला बसली आणि जूनमध्ये पास झाली. गणितात चांगले मार्क. मी पेढे घेऊन टेकडी चढलो, दोन दोन पायऱ्या एकदम. पोर नाचत होती. तिने बापाच्या पाया पडून निकालाचा कागद हातात दिला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "ह्या वेळी पेपर सोपा काढला असेल."

सुषमाचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं. नऊ महिन्यांचे रविवार डोळ्यांपुढून गेले. मी पेढ्यांचा पुडा सतरंजीवर ठेवला आणि तिच्यासमोर, वहिनींसमोर त्याला म्हणालो, "तू कधीच बदलणार नाहीस. माझीच चूक झाली. तू तसाच आहेस आणि तसाच राहणार."  मी चपला घातल्या आणि उतरलो.

त्यानंतर मी गेलो नाही. सुरुवातीला रागाने, मग सवयीने. कुणी विचारलं तर सांगायचो, काही माणसांना आपण काही करू शकत नाही. हे मी शहाणपणाच्या सुरात सांगायचो आणि लोक माना डोलवायचे.

फेब्रुवारीत कारखान्यातल्या जुन्या मित्राने बातमी दिली. कावीळ झाली होती, अंगावर काढली, मग इस्पितळात पंधरा दिवस. तेराव्यालाही आठवडा होऊन गेला होता. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

टेकडी चढून गेलो. सुषमा घरी होती, तिने टायपिंगचा क्लास लावला होता. ती म्हणाली, "काका, त्या निकालाच्या दिवशी रात्री बाबा मला म्हणाले, पेपर सोपा नव्हता, तू मेहनत केलीस. तुमच्यासमोर तोंडातून जुनंच निघून गेलं, म्हणाले. तुम्हाला सांगायचं होतं त्यांना."

मी भिंतीकडे बघितलं. तो जिथे टेकून बसायचा तिथे तेलाचा डाग होता.

"मग कळवायचं तरी," मी म्हटलं. 

वहिनी चहाचा कप ठेवून समोर बसल्या. "भावोजी, दर रविवारी सकाळी ते दाढी करायचे. धुतलेला शर्ट घालून दाराशी बसायचे. संध्याकाळी मी म्हणायची, भावोजी आता नाही यायचे, रागावून गेलेत ते. तर म्हणायचे, 'अगो, काय तरी काम निघाला असतला. फुडल्या आयताराक येतलो.'"

"दर रविवारी?"

"दर रविवारी. इस्पितळातही वॉर्डबॉयकडून दाढी करून घेतली. तेव्हाही हेच म्हणाले."

ज्याच्या लेखी गळणारं छप्परही जन्माचं होतं, त्याने माझं न येणं सात महिने एकेका रविवारापुरतं धरलं होतं. त्यात माझा दोष धरला नव्हता आणि स्वतःचाही नाही. आणि मी, त्याला ते शिकवणारा, एका वाक्यावरून त्याचा जन्माचा निकाल लावून मोकळा झालो होतो.

वहिनींनी सहज विचारलं, "फार काम होतं का हो तुम्हाला?"

मी हो म्हणालो. त्या सात महिन्यांतल्या एकाही रविवारी मला काही काम नव्हतं.